दोन नाण्यांचा वाद

दोन नाणी एकाच वेळी उडवली तर काय काय होऊ शकते, असे वर्गात विचारले की बहुतेक मुले तीन गोष्टी सांगतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक छापा आणि एक काटा. यादी चुकीची नाही. या तिन्हींच्या पलीकडे चौथे काही घडत नाही. घोळ पुढच्या पायरीवर होतो. शक्यता तीन, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला एक तृतीयांश, असे मुले लगेच ठरवून टाकतात. खरे तर एक छापा आणि एक काटा येण्याची संभाव्यता निम्मी आहे. दोन्ही छापे आणि दोन्ही काटे यांच्या वाट्याला प्रत्येकी एक चतुर्थांश येतो. प्राथमिक संभाव्यतेतली सर्वांत महत्त्वाची अडचण या एका मतभेदात सापडते, आणि ती सोडवायला दोन नाणी, एक कागद आणि दोन तासिका पुरतात.

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचे प्रकरण आहे. तिथली रीत ठरलेली आहे: प्रयोगाच्या सर्व निष्पत्तींचा संच, म्हणजे नमुना अवकाश S, लिहायचा, हवी ती घटना A लिहायची, दोन्हींतले घटक मोजायचे आणि n(A) ला n(S) ने भागायचे. या भागाकाराला एक अट आहे. नमुना अवकाशातल्या सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य असल्या पाहिजेत, म्हणजे कोणतीही एक निष्पत्ती दुसरीपेक्षा जास्त वेळा येण्याचे कारण असता कामा नये. दोन नाण्यांचा नमुना अवकाश चार घटकांचा असतो हे पाठ करणाऱ्या मुलाचे या अटीवाचून काही अडत नाही, आणि म्हणूनच ती त्याला कधी भेटतही नाही.

तीन शक्यतांची यादी करणाऱ्या मुलांना मोठी सोबत आहे. फ्रेंच गणिती द'अलाम्बेर याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या छापा-काट्यावरील नोंदीत असाच प्रश्न घेतला होता: दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? त्याचे म्हणणे असे, की पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ तिथेच संपतो, दुसरी फेक होतच नाही. म्हणून शक्यता तीनच उरतात: पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर दोन तृतीयांश. प्रचलित उत्तर तीन चतुर्थांश होते आणि तेच बरोबर आहे. पहिल्यांदाच छापा येणे ही शक्यता निम्म्या वेळा घडते. उरलेल्या दोघी मिळून दुसरा निम्मा भाग वाटून घेतात. तीन नावे एका ओळीत लिहिली म्हणून ती सारख्या वजनाची होत नाहीत. अठराव्या शतकातल्या अव्वल गणितज्ञाचा पाय जिथे घसरला, तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना अडखळण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि शिक्षकाने ते अडखळणे घाईने पुसून टाकू नये.

फेकण्याआधीची लेखी साक्ष

प्रयोगाची सुरुवात नाणे उडवण्याने करू नये. अंदाज लिहून घेण्याने करावी. पन्नास फेकींत ‘एक छापा, एक काटा’ किती वेळा येईल, याचा आकडा प्रत्येक मुलाने वहीत लिहायचा आणि त्याखाली कारण लिहायचे. आकडा आधी लिहिलेला नसला की निकाल पाहिल्यावर ‘मला हे माहीतच होते’ असे सगळ्यांनाच वाटू लागते. अंदाज जमले की वर्गात साधारण दोन तट पडतात: सतराच्या आसपास म्हणणारे आणि पंचवीसच्या आसपास म्हणणारे. शिक्षकाने कोणाचीही बाजू घेऊ नये. निवाडा नाण्यांनी करायचा आहे.

चाळीस मुलांचा वर्ग धरला तर वीस जोड्या होतात. एकाने फेकायचे, दुसऱ्याने लिहायचे, पंचवीस फेकींनंतर अदलाबदल. दहा जोड्यांना अगदी सारखी दोन नाणी द्यावीत. उरलेल्या दहा जोड्यांना दोन वेगळी नाणी द्यावीत, किंवा एका नाण्यावर दोन्ही बाजूंनी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावावा. या दुसऱ्या गटातला वेगळेपणा हाच प्रयोगाचा गाभा आहे. लाल नाणे छापा आणि साधे काटा, किंवा लाल काटा आणि साधे छापा, या दोन घटना आता डोळ्यांना वेगळ्या दिसतात. सारख्या नाण्यांतही त्या वेगळ्याच असतात, फक्त ओळखू येत नाहीत.

फेकण्याचे नियम आधी ठरवून फळ्यावर लिहावेत. नाणी हातातून अलगद सोडली तर ती पुरेशी उलटत नाहीत, आणि बाकावर भिंगरीसारखी फिरवली तर एखादी बाजू कलती पडण्याची शक्यता वाढते. म्हणून दोन्ही नाणी प्लास्टिकच्या पेल्यात खुळखुळवून जाडसर वहीवर किंवा सतरंजीवर ओतणे बरे. आवाजही कमी होतो, आणि चाळीस मुले एकदम नाणी उडवत असताना ही गोष्ट लहान नसते. बाकाखाली गेलेले नाणे मोजायचे की नाही, हे पहिल्या फेकीच्या आधी ठरले पाहिजे. निकाल दिसल्यावर ‘ही फेक बाद’ म्हणण्याची मुभा राहिली, तर मुलांच्या आवडीनिवडी न कळत आकड्यांत शिरतात.

निरीक्षण तक्ता पन्नास फेकींचा, पण दहा-दहाच्या पाच गटांत आखावा. ताळ्याच्या खुणा करून शेवटी बेरीज लिहायची. खूणवाल्या नाण्यांच्या एका जोडीचा तक्ता भरल्यावर कसा दिसेल हे कळण्यासाठी खाली एक नमुना दिला आहे. त्यातले आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

| फेकी | लाल छापा, साधे छापा | लाल छापा, साधे काटा | लाल काटा, साधे छापा | लाल काटा, साधे काटा |
|---|---|---|---|---|
| १–१० | २ | ४ | २ | २ |
| ११–२० | ४ | १ | २ | ३ |
| २१–३० | १ | २ | १ | ६ |
| ३१–४० | ३ | ४ | २ | १ |
| ४१–५० | ३ | १ | २ | ४ |
| एकूण ५० | १३ | १२ | ९ | १६ |

तक्त्याच्या वर जोडीचा क्रमांक, नाणी कोणती ते आणि फेकण्याआधीचा अंदाज यांसाठी जागा ठेवावी. सारखी नाणी असलेल्या जोड्यांच्या तक्त्यात मधले दोन स्तंभ एकच असतील.

आता या नमुन्याचा निवाडा करून पाहावा. एक छापा आणि एक काटा १२ आणि ९ मिळून २१ वेळा आला. एक तृतीयांशवाल्यांच्या हिशेबाने तो सुमारे १७ वेळा यायला हवा होता, निम्म्यावाल्यांच्या हिशेबाने २५ वेळा. २१ हा आकडा दोघांच्या जवळजवळ मधोमध बसला आहे. या जोडीने प्रामाणिकपणे पन्नास वेळा नाणी टाकली आणि तरी तिच्या हाती निर्णय आला नाही.

हा दुर्दैवी अपवाद नाही. निम्मी संभाव्यता खरी असली तरी पन्नास फेकींच्या तक्त्यांत हा आकडा १८ पासून ३२ पर्यंत कुठेही येऊ शकतो. शंभरातले ९५ हून अधिक तक्ते या पट्ट्यात पडतात. एक तृतीयांश खरी असती तर तसाच पट्टा १० ते २३ असा झाला असता. १८ ते २३ हा भाग दोन्ही पट्ट्यांत येतो. ज्या जोडीचा आकडा तिथे पडला, तिला या कागदावरून काहीही ठामपणे सांगता येत नाही. इथे बऱ्याच वर्गांतला प्रयोग थांबतो, आणि ‘तुमचे थोडे चुकले, पण उत्तर निम्मेच आहे’ असे सांगून शिक्षक पुढे जातात. त्यामुळे मुलांच्या मनात बसते ते एवढेच, की प्रयोग आणि गणित यांचा फारसा संबंध नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या तक्त्यात घडते. तो फळ्यावर काढायचा आणि प्रत्येक जोडीने आपली ओळ भरायची. पहिल्या ओळीत वरचाच नमुना घेतला आहे.

| जोडी | मिश्र निकाल (५० पैकी) | आतापर्यंतचे मिश्र निकाल | आतापर्यंतच्या फेकी | शेकडा प्रमाण |
|---|---|---|---|---|
| १ | २१ | २१ | ५० | ४२ |
| २ | | | १०० | |
| ३ | | | १५० | |
| … | | | | |
| २० | | | १००० | |

शेवटच्या स्तंभातल्या आकड्यांचा आलेख त्याच वेळी एखाद्या मुलाने काढावा. सुरुवातीला रेषा वरखाली उड्या मारते. पाचव्या-सहाव्या जोडीनंतर उड्या लहान होऊ लागतात. हजार फेकी झाल्या की निम्म्याचा पट्टा ४६८ ते ५३२ आणि एक तृतीयांशाचा पट्टा ३०३ ते ३६३. दोन्हींमध्ये शंभराहून अधिक आकड्यांची मोकळी जागा आहे, त्यामुळे वर्गाची बेरीज कोणत्या पट्ट्यात पडली याबद्दल वाद उरत नाही. सारख्या नाण्यांच्या पाचशे आणि खुणेच्या नाण्यांच्या पाचशे फेकी वेगळ्या मोजल्या तरी दोन्हींत निकाल तोच येतो, कारण पाचशेलाही पट्टे २२८ ते २७२ आणि १४६ ते १८८ असे अलगच राहतात. ठिपका लावल्याने नाण्यांचे वागणे बदलले, अशी कोणाची शंका असेल तर तीही इथे फिटते. मगच फळ्यावर चार घटकांचा नमुना अवकाश लिहावा. तोपर्यंत मुलांना त्याची गरज पटलेली असते.

पट्टा कसा काढला, हे वरच्या इयत्तेतली मुले विचारतील. फेकींच्या संख्येला संभाव्यतेने आणि ‘एक वजा संभाव्यता’ने गुणायचे, वर्गमूळ काढायचे आणि त्याच्या दुप्पट अंतर अपेक्षित आकड्याच्या दोन्ही बाजूंना घ्यायचे. पन्नास फेकी आणि निम्मी संभाव्यता यांसाठी ते वर्गमूळ सुमारे साडेतीन येते, म्हणून पंचविसाच्या अलीकडे-पलीकडे सात. सातवी-आठवीला हे सांगण्याची गरज नाही. फळ्यावर जोड्यांचे वीस आकडे किती पसरले आहेत ते पाहिले तरी पट्ट्याची कल्पना येते.

त्याच पसरलेल्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते: कोणी नाणी न उडवताच तक्ता भरला आहे का. एका जोडीचा आकडा २४, २५ किंवा २६ यांपैकी येण्याची संभाव्यता सुमारे एक तृतीयांश आहे. वीसपैकी सहा-सात जोड्या तिथे असाव्यात. पंधरा-सोळा जोड्या तिथेच असतील, तर वर्गाने नाण्यांऐवजी एकमेकांच्या वह्यांत पाहिले असावे. एकच नाणे ओळीने शंभरदा उडवून प्रत्येक फेक क्रमाने लिहिण्याचा प्रयोग केला तर ही चाचणी अधिक धारदार होते. खऱ्या शंभर फेकींत एकच बाजू निदान सहा वेळा सलग येण्याची संभाव्यता सुमारे ८० टक्के असते. मनाने छापा-काटा लिहिणारे मूल सलग चौथा छापा लिहितानाच बिचकते आणि काटा लिहून टाकते. ओरडण्यापेक्षा हीच बाब वर्गासमोर ठेवली तर खोटा तक्ताही शिकण्याच्या उपयोगी पडतो.

फाशांकडे

दोन नाण्यांचा वाद मिटला की दोन फाशांची बेरीज हे पुढचे स्वाभाविक पाऊल. बेरीज २ पासून १२ पर्यंत, म्हणजे अकरा प्रकारची; पण फाशांच्या निष्पत्ती ३६. लाल आणि पांढरा असे दोन रंगांचे फासे घ्यावेत, म्हणजे लाल ३ व पांढरा ४ आणि लाल ४ व पांढरा ३ या दोन निष्पत्ती आपोआप वेगळ्या मोजल्या जातात. सातची बेरीज सहा प्रकारे येते, २ आणि १२ प्रत्येकी एकाच प्रकारे. इथे हमखास एक प्रश्न येतो: लाल ३, पांढरा ४ आणि लाल ४, पांढरा ३ हे दोनदा मोजले, मग ३ आणि ३ हेही दोनदा का मोजू नये? उत्तर तोंडी देऊ नये. दोन्ही फासे हातात देऊन ३ आणि ३ दोन वेगळ्या तऱ्हांनी मांडून दाखवायला सांगावे. लाल फासा ३ दाखवतो, पांढरा ३ दाखवतो, आणि त्यांची अदलाबदल केली तरी तेच होते.

लायब्निट्ससारख्या तत्त्वज्ञ-गणितज्ञानेही दोन फाशांची बेरीज १२ येणे आणि ११ येणे सारखेच सोपे आहे असे लिहून ठेवले होते, कारण त्याच्या मते दोन्ही बेरजा एकेकाच प्रकारे होतात. प्रत्यक्षात ११ ही बेरीज ५ व ६ आणि ६ व ५ अशा दोन निष्पत्तींतून येते. हजार फेकींत १२ सुमारे २८ वेळा आणि ११ सुमारे ५६ वेळा अपेक्षित असते. एवढा फरक वर्गाच्या एकत्रित तक्त्यात सहज दिसतो.

फाशांचा तक्ता २ ते १२ अशा अकरा ओळींचा ठेवावा आणि प्रत्येक ओळीत तीनच रकाने असावेत: ताळ्याच्या खुणा, एकूण, आणि फेकण्याआधीचा अंदाज. पन्नास फेकींनंतर जोड्यांचे तक्ते एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. पन्नास फेकींत २ ही बेरीज एकदाही न येण्याची संभाव्यता सुमारे एक चतुर्थांश आहे, म्हणजे वीसपैकी पाचेक जोड्यांच्या तक्त्यात २ ची ओळ कोरी राहील. ‘दोन येतच नाही’ असे त्या जोड्या सांगतील. त्यांना थांबवू नये. शेजारच्या जोडीचा तक्ता पाहायला सांगावे. सगळ्यांची बेरीज झाली की सातच्या शिखराकडे दोन्ही बाजूंनी चढत जाणारा स्तंभालेख तयार होतो.

वर्ग एवढ्यावर आला असेल तर गॅलिलिओपुढे आलेला प्रश्न त्याच्यासमोर ठेवता येतो. तीन फासे टाकून खेळणाऱ्या इटलीतल्या जुगाऱ्यांना बेरीज ९ पेक्षा १० थोडी जास्त वेळा येते असे जाणवले होते. पण आकड्यांच्या जुळण्या पाहिल्या तर दोन्हींच्या सहाच. नऊसाठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. दहासाठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. मग फरक कुठून आला? गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात याचे उत्तर दिले, आणि ते दोन नाण्यांच्या वादाचेच उत्तर आहे. तिन्ही आकडे वेगळे असलेली जुळणी तीन फाशांवर सहा तऱ्हांनी बसते, दोन सारखे असलेली तीन तऱ्हांनी आणि ३-३-३ एकाच तऱ्हेने. त्याप्रमाणे मोजले की २१६ निष्पत्तींपैकी नऊच्या २५ होतात आणि दहाच्या २७.

मात्र हा फरक वर्गात फासे टाकून दाखवण्याच्या फंदात शिक्षकाने पडू नये. हजार फेकींत ९ सुमारे ११६ वेळा आणि १० सुमारे १२५ वेळा अपेक्षित. आणि नशिबाचा चढउतार या नऊच्या फरकापेक्षा मोठा असतो. हजार फेकींच्या चार प्रयोगांपैकी साधारण एकात ९ हीच बेरीज पुढे निघेल. फरक बऱ्यापैकी खात्रीने दिसायला दहा-अकरा हजार फेकी लागतात. दोन नाण्यांच्या वादाला काही शे फेकी पुरल्या, या वादाला हजारो लागतात, कारण इथे तपासायच्या दोन उत्तरांतले अंतरच फार थोडे आहे. किती फेकी पुरतील, हे नेहमी त्या अंतरावरून ठरते. ९ आणि १० चा प्रश्न म्हणून कागदावर मोजूनच सोडवावा.

चर्चेचे प्रश्न

पहिला प्रश्न: सलग पाच छापे आले, तर सहाव्यांदा काटा येण्याची संभाव्यता वाढते का? पुष्कळ मुले ‘हो’ म्हणतात आणि कारणही देतात, की शेवटी दोन्ही सारखे व्हायचे असतात. हे कारण खोडून काढण्यासाठी खरी आकडेवारी हाताशी आहे. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा गणितज्ञ जॉन केरिक १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मन फौजा तिथे शिरल्या आणि तो नजरकैदेत अडकला. त्या काळात त्याने एक नाणे दहा हजार वेळा उडवले आणि १९४६ मध्ये पुस्तकात निकाल मांडले. पहिल्या शंभर फेकींत ४४ छापे आले, म्हणजे निम्म्याहून ६ कमी. हजाराला ५०२, म्हणजे २ जास्त. चार हजाराला २०२९, म्हणजे २९ जास्त. आणि दहा हजाराला ५०६७, म्हणजे ६७ जास्त. निम्म्यापासूनचे अंतर मिटले नाही, उलट वाढले. शेकडा प्रमाण मात्र ४४ वरून ५०.६७ वर आले. नाणे मागची उणीव भरून काढत नाही. पुढे येणाऱ्या फेकींची संख्या एवढी मोठी होते की जुना फरक त्यात नगण्य ठरतो. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांनाच फरक आणि टक्के असे दोन स्तंभ काढायला सांगावेत, आणि मगच सहाव्या फेकीचा प्रश्न पुन्हा विचारावा.

दुसरा प्रश्न: फाशाच्या सहाही बाजू सारख्याच वेळा पडतात, हे कशावरून? ‘फासा चौकोनी आहे म्हणून’ हे उत्तर चांगले आहे, पण त्याची तपासणी होऊ शकते. इंग्लंडमधला जीवशास्त्रज्ञ वेल्डन याने बारा फासे एकदम टाकण्याचा प्रयोग २६,३०६ वेळा केला आणि ५ किंवा ६ किती वेळा आले ते मोजले. ही आकडेवारी १८९४ मधली आहे. एकूण ३,१५,६७२ फाशांपैकी १,०६,६०२ वेळा ५ किंवा ६ आला. समसंभाव्य फाशांवर तो १,०५,२२४ च्या आसपास यायला हवा होता. प्रमाण एक तृतीयांशाऐवजी ३३.७७ टक्के, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण एवढ्या फेकींत तो योगायोगाने पडण्याजोगा नव्हता. फाशावरचे ठिपके कोरून केलेले असतात. सहा ठिपक्यांच्या बाजूतून एका ठिपक्याच्या बाजूपेक्षा जास्त द्रव्य निघून गेलेले असते, त्यामुळे हलकी बाजू वर राहण्याकडे किंचित कल होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ल्युडोच्या डब्यातला हलका प्लास्टिकचा फासा यापेक्षाही वाईट असू शकतो. मग पुस्तकात त्याला समसंभाव्य का मानतात? या प्रश्नावर मुलांना बोलू द्यावे. वर्गातल्या हजार फेकींनी एवढा बारीक कल पकडता येणार नाही, आणि म्हणूनच तिथे तो गृहीत न धरलेला चालतो, इथवर चर्चा आली तर ती नीट झाली.

तिसरा प्रश्न वर्गाच्या स्वतःच्या तक्त्यावर विचारायचा: ज्या जोडीचा आकडा पंचविसापासून सर्वांत दूर आहे, तिच्यावर शंका घ्यावी का? वीस जोड्यांतली एखादी १८ ते ३२ च्या बाहेर पडली तर त्यात नवल नाही. तिचा तक्ता वगळून बेरीज करावी असे कोणीतरी सुचवेल. तसे केल्यास काय होईल, हे दोन्ही बेरजा करूनच पाहावे. आणि वगळण्याचा नियम फेकण्याआधी ठरला नव्हता याची आठवण करून द्यावी.

शेवटचा प्रश्न मुलांच्या घरातल्या खेळाचा. पटावरच्या जुन्या खेळांत फाशांऐवजी कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकतात. कवडी उताणी किंवा पालथी पडते, चिंचोक्याची पांढरी किंवा काळी बाजू वर येते. दोनच निष्पत्ती आहेत. मग संभाव्यता निम्मी-निम्मी का नाही? नाण्याच्या दोन बाजू आकाराने जवळजवळ सारख्या असतात, कवडीच्या नसतात. एका बाजूला चपटे तोंड, दुसऱ्या बाजूला फुगीर पाठ. इथे नमुना अवकाश लिहून भागाकार करण्याची सोय नाही, कारण दोन निष्पत्ती समसंभाव्य मानण्याला आधारच नाही. तक्त्यातला अंदाजाचा रकाना या वेळी सगळेच वेगवेगळा भरतील आणि कोणाकडेही पक्के कारण नसेल. प्रत्येक जोडीने तीच कवडी पन्नास वेळा टाकली आणि वर्गाच्या हजार फेकी झाल्या, तर उताणी पडण्याचे जे शेकडा प्रमाण निघेल, ते त्या कवडीच्या खऱ्या संभाव्यतेपासून साधारण तीन टक्क्यांच्या आत असण्याची बरीच खात्री देता येते. ही खात्री त्या एकाच कवडीपुरती. म्हणून एकच कवडी सगळ्या जोड्यांत फिरवावी. वीस वेगळ्या कवड्या वापरल्या, तर जोड्यांच्या आकड्यांतला फरक नशिबाचा की कवड्यांच्या घडणीचा, हे पन्नास फेकींच्या तक्त्यावरून सांगता येणार नाही.